किटली बदलली, पण तिचा पांढरा रंग टेबलाशी जुळत नाही

गंगापूर_रोडकर

नमस्कार मंडळी. गंगापूर धरणाच्या वाटेवर आमच्या मावशींचे छोटे होमस्टे आहे आणि त्याच्या जाहिरातीसाठी मी जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास न्याहारीच्या टेबलाचे एक छायाचित्र काढले होते. टेबल पडवीत मांडले होते. डाव्या बाजूला वर टांगलेला पिवळा दिवा होता आणि उजवी बाजू उघडी असल्यामुळे तिकडून पहाटेचा थंड, निळसर उजेड येत होता. पोह्यांची पांढरी चिनीमातीची बशी, घडी घातलेला पांढरा सुती रुमाल आणि तांब्याचा पेला, असे सगळे नीट जमले होते. फक्त मधोमध निळा प्लास्टिकचा जग राहून गेला आणि तो कोणालाच आवडला नाही.

पुढे मावशींनी पांढरी एनॅमलची किटली घेतली. तिची कड निळी आहे आणि झाकण तांब्याचे आहे. मी ती अंगणात, घराच्या सावलीत, त्याच उंचीवरून आणि त्याच कोनातून टिपली आणि फोटोशॉपमध्ये जगाच्या जागी बसवली. पडवीत आता पांढरी ट्यूब लावली असल्यामुळे संपूर्ण छायाचित्र पुन्हा घेता येत नाही. किटलीची कातरणी चांगली झाली आहे आणि तळाशी सावलीही ठीक पडली आहे, तरी ती चिकटवल्यासारखी दिसते. मूळ छायाचित्रावर मी आधीच ग्रेडिंग केलेले आहे. त्यात उजळ भाग थोडे उबदार आणि गडद भाग थोडे निळसर-हिरवे केले आहेत. किटलीवर ह्यूची पट्टी इकडेतिकडे सरकवून पाहिली आणि कलर बॅलन्सही लावून पाहिला. दर वेळी पांढरा भाग जमल्यासारखा वाटला की झाकण बिघडते, आणि झाकण सुधारायला जावे तर कड बिघडते. नेमके कुठे चुकते आहे, हे कोणी सांगू शकेल काय?

निवृत्त_फोटोवाला

आपण कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला असणार, सगळा घोळ तिथेच आहे. पिवळ्या दिव्याखाली साधारण ३२०० केल्विन आणि सावलीत सात हजारांच्या आसपास ठेवावे लागते. करड्या रंगाचे कार्ड चौकटीत धरून पहिला फोटो घ्यावा, म्हणजे पुढची कटकट राहत नाही. आम्ही रोलच्या काळात निळे फिल्टर लावून हेच काम करत असू.

गंगापूर_रोडकर

काका, आपले म्हणणे पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतो. परंतु दोन्ही छायाचित्रे काढून झालेली आहेत आणि कार्ड दोन्हींत नाही. आता हातात आहे त्यावरच काम करायचे आहे.

रंगारी_पंचवटी

फार सोपे आहे. किटलीच्या लेअरवर कर्व्ह्ज लावा, त्यातला मधला, करड्या रंगाचा ड्रॉपर घ्या आणि किटलीच्या पांढऱ्या भागावर टिचकी मारा. सगळी निळी झाक एका क्षणात जाईल. नंतर ह्यू उणे आठच्या आसपास न्या, म्हणजे थोडी ऊब येईल. मी लग्नाच्या अल्बममध्ये नेहमी असेच करतो.

गंगापूर_रोडकर

रंगारीजी, आपण सांगितल्याप्रमाणे लगेच करून पाहिले. ड्रॉपरने किटली अगदी शुद्ध पांढरी झाली, परंतु आता ती आधीपेक्षाही परकी दिसते. जणू तिच्यावर वेगळाच दिवा लावला आहे. ह्यू उणे आठ केल्यावर पांढऱ्या भागात काहीच फरक पडला नाही, मात्र झाकण लालभडक झाले आणि निळी कड हिरवट झाली.

छापखाना_सातपूर

मी सातपूरला छपाईपूर्व कामात बरीच वर्षे घालवली आहेत आणि अशा बदललेल्या वस्तू रोज हाताखालून जात असत, म्हणून लिहिते. रंगारीजींनी सांगितलेला ड्रॉपर चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ड्रॉपर किटलीला खरीखुरी तटस्थ करतो, आणि आपल्या टेबलावर तर तटस्थ पांढरे असे काही नाहीच. दिव्याच्या बाजूचा रुमाल पिवळसर आहे. तो आपल्याला पांढरा दिसतो, कारण डोळ्यांनी त्या उजेडाची सवय करून घेतलेली असते. त्या रुमालाशेजारी खरोखरची पांढरी वस्तू ठेवली, तर ती निळी दिसणारच. किटली पांढरी असायला नको, ती रुमालाइतकीच पिवळी असायला हवी.

ह्यूच्या पट्टीचेही तसेच आहे. ती रंगाला चक्रावर फिरवते. पांढऱ्या-करड्या भागाला चक्रावर जागाच नसते म्हटले तरी चालेल, त्यामुळे तिथे फिरवायला काही उरत नाही. झाकण आणि कड यांना मात्र ठळक रंग आहे, म्हणून ते फिरले. झाक काढायची ती कर्व्ह्जने. ह्यू सर्वांत शेवटी, एखाद्या वस्तूपुरता वापरायचा.

आता दोन गोष्टी सांगा. किटलीचा लेअर आपल्या ग्रेडिंगच्या लेअरच्या वर आहे की खाली? आणि रंगांचे आकडे वाचता तेव्हा ग्रेडिंग चालू असते की बंद?

गंगापूर_रोडकर

ताई, किटली सगळ्यांच्या वर आहे, ग्रेडिंगच्याही वर. आणि आकडे मी वाचलेच नाहीत, डोळ्यांनीच जुळवत होतो.

छापखाना_सातपूर

मग पहिला घोळ हाच आहे. खालच्या टेबलावर ग्रेडिंग चढलेले आहे आणि किटली त्यातून सुटलेली आहे, म्हणजे आपण एकाच वेळी दोन फरक पुसू पाहत आहात: एक उजेडाचा आणि दुसरा स्वतःच्याच ग्रेडिंगचा. किटलीचा लेअर ग्रेडिंगच्या खाली ओढा. त्यानंतर ग्रेडिंगचा डोळा बंद करा आणि जुळवणी होईपर्यंत तो उघडू नका. ग्रेडिंगमध्ये गडद भाग निळे-हिरवे केलेले असल्यामुळे ते चालू ठेवून वाचलेले आकडे सावलीत हमखास फसवतात.

मग आयड्रॉपर घेऊन वर `Sample Size` मध्ये `5 by 5 Average` निवडा, नाहीतर एखाद्या दाण्याचाच आकडा मिळायचा. दिव्याच्या बाजूचा रुमाल आणि दिव्याच्या बाजूची किटली, तसेच उघड्या बाजूचा रुमाल आणि उघड्या बाजूची किटली, असे चार ठिकाणचे आकडे इन्फो पॅनलमध्ये वाचून इथे लिहा. चकाकणारा ठिपका घेऊ नका.

गंगापूर_रोडकर

लेअर खाली घेतल्यावरच निम्मा फरक कमी झाल्यासारखे वाटते! आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने देतो. दिव्याकडचा रुमाल २२६, २१२, १८८ आणि तिथलीच किटली २१४, २१९, २२६. उघड्या बाजूचा रुमाल १०४, १०८, ११३ आणि तिकडची किटली ९६, १०२, ११०.

छापखाना_सातपूर

हे आकडे नीट पाहिले तर सगळी गोष्ट त्यांतच आहे. दिव्याकडे रुमालाचा लाल आकडा निळ्यापेक्षा ३८ ने जास्त आहे आणि किटलीचा १२ ने कमी आहे. उघड्या बाजूला मात्र दोघेही निळसरच आहेत, म्हणजे तिथे किटली जवळपास जुळलेलीच आहे. याचा अर्थ एकाच कर्व्हने दोन्ही बाजू सुटणार नाहीत, पण आधी दिव्याची बाजू पूर्ण करू.

किटलीच्या लेअरवर कर्व्ह्ज लावा आणि त्याला किटलीपुरतेच क्लिप करा. दोन लेअरच्या मधल्या रेषेवर ऑल्ट दाबून टिचकी मारली की झाले. आता एकेक चॅनल घ्यायचे. कर्व्ह मधोमध पकडून वाकवू नका, त्याचे वरचे टोक हलवा. उजेडाचा रंग बदलला की त्या चॅनलचा प्रत्येक आकडा साधारण एकाच पटीने कमी-जास्त होतो. उजळ भागात फरक मोठा दिसतो आणि काळ्यात जवळजवळ शून्य होतो. कर्व्हवर याचा अर्थ असा की काळ्याकडचे टोक जागेवर ठेवून सरळ रेषा फक्त कलती करायची.

निळ्या चॅनलमध्ये २२६ चे १८८ व्हायला हवेत, म्हणजे पट सुमारे ०.८३. म्हणून वरचे उजवे टोक खाली ओढून आउटपुट २१२ करा. हिरव्यात २१९ चे २१२, तेव्हा आउटपुट २४७. लालमध्ये वाढ हवी असल्याने टोक खाली न ओढता डावीकडे सरकवा आणि इनपुट २४१ ठेवा. किटलीची दिव्याकडची बाजू रुमालाला लागलीच पाहिजे.

रंगारी_पंचवटी

ताई, टोक ओढल्याने फोटोचा पांढरा रंग मरतो, असे आम्हाला शिकवले आहे. मी तर नेहमी मध्यावरच बिंदू ठेवून ओढतो आणि गिऱ्हाईक खूष असते.

छापखाना_सातपूर

संपूर्ण छायाचित्रावर मूड आणायचा असेल तेव्हा मध्यावर ओढणे योग्यच आहे, कारण तिथे पांढरे पांढरेच राहावे अशी आपली इच्छा असते. परंतु मध्यावर ओढले की २५५ जागेवरच राहते आणि २२६ च्या आसपास फार थोडा फरक पडतो. किटलीचा पांढरा भाग नेमका तिथेच आहे. म्हणजे पोट पिवळे होते, उजळ भाग निळसर राहतो, आणि मग माणूस आणखी जोर लावून ओढतो. गंगापूर_रोडकर यांच्या कलर बॅलन्सचे मिडटोनमध्ये बहुधा हेच झाले असावे. टोक ओढण्यात एक धोका आहे हे मात्र आपले म्हणणे खरे आहे. तो चकाकीच्या ठिपक्यात दिसतो, त्यावर नंतर येते.

गंगापूर_रोडकर

केले. डावी बाजू आता इतकी जुळली आहे की रुमाल आणि किटली यांच्यात डोळ्याला फरक सापडत नाही. परंतु उजवी बाजू मळकट पिवळी झाली, जशी जुन्या वर्तमानपत्राची कड होते.

मोबाइलवरून_मी

मला तर तुमची दोन्ही चित्रे पूर्णपणे पिवळी दिसत आहेत, रुमालासकट. थोडे निळे वाढवा.

छापखाना_सातपूर

मोबाइलवरून_मी, आपल्या फोनवर रात्रीचा डोळ्यांना आराम देणारा पडदा चालू आहे काय, ते पाहावे. तो चालू असताना जुळवणीवर मत देता येत नाही.

मोबाइलवरून_मी

होता चालू. माफ करा.

छापखाना_सातपूर

गंगापूर_रोडकर, उजवी बाजू मळकट होणे अपेक्षितच होते. पहिला कर्व्ह दिव्यासाठी आहे आणि उजव्या बाजूला दिवा पोहोचतच नाही. पहिल्या कर्व्हच्या मास्कवर उजवी बाजू काळी करा आणि उजव्या बाजूसाठी दुसरा कर्व्ह्ज लेअर लावून त्याचा मास्क उलटा ठेवा. उघड्या बाजूला किटलीचे ९६, १०२, ११० आहेत आणि रुमालाचे १०४, १०८, ११३, तेव्हा तिन्ही चॅनल थोडे उजळ करायचे, लाल जरा अधिक.

खरी अडचण आहे ती सीमा कुठे आखायची याची. त्याचे उत्तर आपल्या फाइलमध्येच लपलेले आहे: काढून टाकलेला जग. तो त्याच जागी, त्याच उजेडात उभा होता. किटली क्षणभर लपवून मूळ जगाकडे पाहा. त्याच्या प्लास्टिकचा निळा रंग दिव्याकडे करडा-जांभळट दिसेल आणि कुठेतरी एकदम स्वच्छ निळा होऊ लागेल. तो पट्टा कुठे सुरू होतो आणि किती रुंद आहे ते पाहून किटलीच्या मास्कवर ग्रेडियंट तेवढाच ठेवा. जगाचा रंग किटलीला उपयोगाचा नाही, पण त्याच्यावर पडलेल्या उजेडाची विभागणी उपयोगाची आहे. वस्तू बदलताना जुनी वस्तू पुसून टाकू नये, तिचा लेअर लपवून ठेवावा, असे मी नेहमी म्हणते ते याचसाठी.

गंगापूर_रोडकर

ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. जगावर बदल मधोमध नसून मध्याच्या बराच उजवीकडे सुरू होतो आणि दीडशे पिक्सेलमध्ये संपतो. मी मास्क बरोबर मध्यावर आखला होता, त्यामुळे दिव्याकडचा एक पट्टा थंड राहत होता. आता तो भाग मिटला.

अंगणातली_तुळस

माझा यात अनुभव नाही, पण एक शंका आहे. रुमाल सुती आणि घरी धुतलेला दिसतो. सुती कपड्याला आपण नीळ घालतो, आणि बाजारातल्या धुण्याच्या पावडरीतही पांढरेपणा वाढवणारे काहीतरी असते. मग तो रुमाल निळसरच असणार ना? त्याच्यावरून किटलीचा पांढरा रंग ठरवणे बरोबर आहे काय?

गंगापूर_रोडकर

मावशींना विचारले. रुमालाला नीळ घातलेली आहे, आणि मला वाटते आमच्या घरात ती जरा जास्तच पडते.

छापखाना_सातपूर

तुळसताई, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. अगदी योग्य आहे. नीळ घातलेला रुमाल त्या उजेडात जितका पिवळा दिसायला हवा होता तितका दिसत नाही, म्हणजे त्याचा १८८ हा निळा आकडा फुगलेला आहे. चौकटीत पोह्यांची चिनीमातीची बशी आहे, तिची कड घ्या. पोह्यांना लागून असलेली आतली बाजू घेऊ नका, कारण हळदीचे प्रतिबिंब तिथे पिवळेपणा वाढवते. बाहेरची कड घ्या.

गंगापूर_रोडकर

बशीची बाहेरची कड दिव्याकडे २२४, २०८, १८० आणि उघड्या बाजूला १०२, १०५, १०७ भरते.

छापखाना_सातपूर

म्हणजे लाल जवळपास तोच आहे आणि निळ्यात आठचा फरक आहे; नीळ नेमकी तिथे सापडली. दिव्याकडच्या कर्व्हची टोके आता अशी ठेवा: लाल इनपुट २४४, हिरवा आउटपुट २४२, निळा आउटपुट २०३. उघड्या बाजूसाठी लाल इनपुट २४०, हिरवा इनपुट २४८ आणि निळा आउटपुट २४८. लक्षात घ्या, रुमालावरून आपण उजव्या बाजूचा निळा वाढवणार होतो, तो बशीवरून किंचित कमी करावा लागतो आहे.

एनॅमल आणि चिनीमाती यांचा पांढरेपणा अगदी एकच असतो असे मी म्हणणार नाही. परंतु नीळ घातलेल्या सुतापेक्षा ती दोन्ही एकमेकांच्या अधिक जवळची आहेत, एवढे खात्रीने म्हणता येईल.

येवल्याचा_काठ

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारतो. आम्ही पैठण्या ऑनलाइन विकतो. मॉडेलचे एकच छायाचित्र घेऊन त्यात साडी बदलतो. या पद्धतीने साडी दृश्याशी जुळवली तर छान दिसते, पण मोरपंखी साडी ग्राहकाला घरी गेल्यावर वेगळीच दिसते आणि ती परत येते. आम्ही कर्व्ह किती ओढावा?

छापखाना_सातपूर

आपला प्रश्न वेगळा आहे आणि उत्तर उलटे आहे. होमस्टेच्या छायाचित्रात किटली विकायची नाही, म्हणून ती उजेडाला शरण गेली तर चालते. आपल्याकडे साडीचा रंग हाच माल आहे. तेव्हा साडीला हात न लावता मॉडेल आणि पार्श्वभूमी साडीच्या उजेडाकडे आणावी. पिवळ्या दिव्यातल्या मॉडेलवर दिवसाच्या उजेडातली पैठणी जुळवू गेलात तर काठाचा मोरपंखी रंग हिरवा दिसणारच. यासाठी वेगळा धागा काढलात तर बरे, इथे विषय फाटेल.

गंगापूर_रोडकर

नवे आकडे घातले. पांढऱ्याचा प्रश्न दोन्ही बाजूंना सुटला असे मला वाटते, पण ताईंनी सांगितलेला चकाकीचा धोका समोर आला. किटलीच्या खांद्यावर दिव्याकडे एक छोटा झळाळता ठिपका आहे. तो आधी स्वच्छ पांढरा होता आणि आता लोणकढ्या तुपासारखा पिवळट, निस्तेज झाला आहे. तांब्याच्या पेल्यावरचा तसाच ठिपका मात्र जवळजवळ शुद्ध पांढरा आहे.

छापखाना_सातपूर

तोच तो. पेल्यावरची चकाकी कॅमेऱ्यात तिन्ही चॅनलमध्ये भरून गेली, म्हणून ती पांढरी उरली. किटलीचा ठिपकाही अंगणात असाच भरून गेला होता, पण आपण टोक खाली ओढल्यामुळे तिचा निळा २५५ चा २०३ झाला. पहिल्या कर्व्हच्या मास्कवर लहान, मऊ ब्रश घेऊन तेवढ्या ठिपक्यावर काळा रंग साठ टक्क्यांनी मारा. ठिपक्याच्या भोवतीची कड मात्र पिवळीच राहू द्या. खऱ्या चकाकीतही मध्य पांढरा आणि कड दिव्याच्या रंगाची असते. पूर्ण पुसलात तर तो ठिपका पुन्हा अंगणातला दिसेल.

रंगारी_पंचवटी

हे बाकी खरे आहे. लग्नात वधूच्या दागिन्यांची चमक मळकट होते, ती का, हे मला आज कळले. मी तिथे वरून पांढरा ब्रश मारत होतो.

गंगापूर_रोडकर

चकाकी जमली. आता झाकण. बाकी सगळे जुळले तरी तांब्याचे झाकण पेल्यापेक्षा पिवळट, जरासे पितळेसारखे दिसते. झाकणावर २०१, १२८, ७० आहेत आणि पेल्याच्या दिव्याकडच्या बाजूवर १९०, १०४, ७२. कलर पिकरमध्ये ह्यू पाहिला तर झाकणाचा २७ अंश आणि पेल्याचा १६ अंश येतो. आता ह्यू वापरू का? मी `Hue/Saturation` मध्ये रेड्स निवडून उणे अकरा केले, तरी झाकण अजून पेल्यापर्यंत पोचलेले नाही.

छापखाना_सातपूर

आता ह्यूची पाळी आली, हो. परंतु रेड्सची पूर्ण ताकद फक्त १५ अंशांपर्यंत असते आणि तिथून ४५ अंशांपर्यंत ती हळूहळू संपते. आपले झाकण २७ वर आहे, म्हणजे ते लाल आणि पिवळ्या यांच्या मधल्या उतारावर उभे आहे. त्यामुळे उणे अकरापैकी साधारण सहा-सातच झाकणाला मिळाले. त्याच खिडकीतला ड्रॉपर घेऊन झाकणावर टिचकी मारा, म्हणजे पट्टा झाकणाच्या रंगावर येऊन बसेल. हा लेअरही किटलीलाच क्लिप केलेला हवा, नाहीतर पोह्यांतले शेंगदाणेही लाल होतील.

मात्र मी अकरा अंश पूर्ण फिरवणार नाही. पाच किंवा सहावर थांबेन. पेला किती जुना आहे?

गंगापूर_रोडकर

पेला आजीचा आहे, चिंचेने घासलेला. झाकण नवे आहे, दुकानदार म्हणाला की त्यावर काळे पडू नये म्हणून लेप दिला आहे.

निवृत्त_फोटोवाला

मग तो लेप थोडा पिवळटच असणार. आमच्या घरी जुन्या तांबट आळीतून आणलेले हंडे आणि हल्लीचे लेप दिलेले तांबे शेजारी ठेवले की वेगळे दिसतात, आणि ते एकाच उजेडात वेगळे दिसतात. त्यात व्हाइट बॅलन्सचा दोष नाही.

छापखाना_सातपूर

काका, माझा मुद्दा हाच होता, आपण तो अधिक चांगला मांडलात. पांढऱ्या वस्तूंनी उजेड ठरवून दिला आहे. त्यानंतर उरलेला तांब्याचा फरक काही अंशी धातूचाच आहे. तो पूर्ण पुसला तर पेला आणि झाकण एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतील आणि तेही खोटेच वाटेल.

रंगारी_पंचवटी

मला हे पटत नाही. बघणाऱ्याला लेप माहीत नसतो. त्याला दोन तांबी वेगळी दिसली की तो म्हणणार, किटली नंतर घातली आहे. मी तर दहापर्यंत फिरवेन.

अंगणातली_तुळस

मला स्वतःला पाच अंशांचेच चित्र बरे वाटते. दहाच्या चित्रात झाकण कुंकवाच्या करंड्यासारखे दिसते आहे. तरी हे मत आहे, आकडा नव्हे.

गंगापूर_रोडकर

उणे सहावर ठेवले आहे. रंगारीजींची क्षमा मागतो. निळ्या कडेचे काय करावे? कर्व्हनंतर दिव्याकडची कड निस्तेज, करडट झाली आहे. मावशींना ती कड फार आवडते.

छापखाना_सातपूर

पिवळ्या उजेडात निळी वस्तू काळवंडते, आणि आपला जगही दिव्याकडे तसाच झाला होता. तेव्हा कड तशीच ठेवणे बरोबर आहे. मावशींसाठी ब्लूजमध्ये सॅच्युरेशन अधिक आठ-दहा द्या, त्यापुढे जाऊ नका.

शेवटी तपासणी अशी करा. सगळ्यांच्या वर तात्पुरता एक `Hue/Saturation` लेअर ठेवून सॅच्युरेशन अधिक साठ करा. डोळ्याला न दिसणारी झाक त्यात एकदम भडक होऊन समोर येते. किटली आणि बशी दोन्ही सारख्याच नारिंगी झाल्या तर ठीक आहे. दुसरे म्हणजे चॅनल पॅनलमध्ये फक्त निळे चॅनल उघडून काळ्या-पांढऱ्यात पाहा. निळ्या चॅनलमध्ये किटली बशीपेक्षा उजळ दिसली, तर ती अजून निळी आहे. दोन्ही तपासण्या झाल्यावर तो तात्पुरता लेअर काढून टाका आणि मगच आपले ग्रेडिंग चालू करा.

गंगापूर_रोडकर

दोन्ही तपासण्या केल्या. सॅच्युरेशनच्या तपासणीत डावीकडे सगळे जुळते. ग्रेडिंग चालू केल्यावरही किटली आता टेबलाबरोबरच उबदार होते आणि सावलीत टेबलाबरोबरच निळसर-हिरवी होते. परंतु निळ्या चॅनलमध्ये किटलीच्या पोटावर एक उभा, उजळ पट्टा सापडला. रंगीत चित्रात तो फिकट निळा आहे आणि अधिक साठवर तर ठळक दिसतो. अंगणातले आकाश किटलीत उमटले आहे असे मला वाटते. कर्व्हने तो घालवायला गेलो की भोवतालचे पांढरे पिवळे होते.

छापखाना_सातपूर

तो पट्टा उजेडाची झाक नाही, ते अंगणाचे चित्र आहे, आणि चित्र कर्व्हने पुसले जात नाही. चकचकीत वस्तू बदलताना ही मर्यादा येतेच. एनॅमलऐवजी स्टीलची किटली असती तर मी हे काम घेतलेच नसते. त्या पट्ट्यावर नवा रिकामा लेअर ठेवून त्याचा ब्लेंड मोड `Color` करा आणि शेजारच्या पांढऱ्याचा रंग घेऊन वीस-तीस टक्क्यांनी ब्रश मारा. निळेपणा जाईल, पण पट्ट्याचा उजळपणा राहील. उजवी बाजू उघडी आहे, तेव्हा तिकडून आलेले प्रतिबिंब म्हणून तो खपून जाऊ शकतो. फक्त पट्टा किटलीच्या कोणत्या बाजूला आहे ते सांगा.

गंगापूर_रोडकर

दुर्दैवाने डाव्या बाजूला आहे, दिव्याकडे.

रंगारी_पंचवटी

मग किटली आडवी उलटवून घ्या, म्हणजे पट्टा उजवीकडे जाईल.

गंगापूर_रोडकर

तोटी उलट्या दिशेला जाईल आणि खांद्यावरची चकाकीही दिव्यापासून दूर जाईल. रविवारी मावशींकडे जाणार आहे. पडवीतली ट्यूब तासाभरासाठी काढून जुना पिवळा दिवा लावता येतो का, ते पाहतो आणि निदान किटली तरी तिथेच पुन्हा टिपतो. तोवर `Color` मोडचा ब्रश मारून चित्र इथे लावत आहे. पट्टा कोणाला खटकतो आणि कोणाला नाही, ते कळवा.

अंगणातली_तुळस

मला खटकला नाही. पण आता तो आहे हे माहीत झाल्यामुळे नजर तिथेच जाते.